‘पापञ्चे’ म्हणजे ‘पापांचे’ नव्हे: धम्मपदाच्या गाथांवर प्रश्न कसे काढावेत

प्रश्न: जय भीम मॅडम. आमच्या विहारात दर रविवारी आठवी ते दहावीच्या मुलांचा धम्मवर्ग मी घेतो. सध्या धम्मपदातल्या मन आणि सवय या विषयाच्या गाथा चालू आहेत. मुलं पाठ करतात, अर्थही सांगतात, पण प्रश्न विचारला की सगळ्यांचं उत्तर एकच: ‘वाईट विचार करू नयेत, चांगलं वागावं.’ गाथा कोणतीही असो. मुलांना गाथा खरोखर वाचावी लागेल असे प्रश्न कसे काढायचे? एकदोन गाथांवर करून दाखवाल का?

उत्तर:

जय भीम. मुलांना दोष देऊ नका, दोष बहुधा प्रश्नात आहे. ‘या गाथेतून काय बोध होतो?’ असं विचारलं की मूल गाथेकडे बघतच नाही, तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. तुम्हाला काय ऐकायला आवडेल ते त्याला पहिलीपासून ठाऊक असतं.

मी शाळेत नववी-दहावीला पालि शिकवायचे आणि रविवारी विहारात. तेव्हापासून प्रश्न तपासायची माझी एकच रीत आहे. प्रश्न लिहायचा, गाथेवर हात ठेवायचा आणि बघायचं की गाथा न बघता उत्तर देता येतंय का. येत असेल तर तो प्रश्न गाथेवरचा नाही, तो कागद फाडायचा. चांगल्या प्रश्नाचं उत्तर गाथेतल्या एखाद्या ठरावीक शब्दात असतं, आणि तो शब्द बदलला तर उत्तरही बदलतं. हे वाचायला सोपं आहे. सुरुवातीला दहातले आठ प्रश्न फाडावे लागतात.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे, ती इंग्रजीतून धम्मपद वाचणाऱ्यांना येत नाही. पालि आपल्याला ओळखीची वाटते. निम्मे शब्द मराठीसारखे दिसतात, म्हणून डोळा त्यांच्यावरून घसरतो. पण नेमक्या या ओळखीच्या शब्दांतच प्रश्न दडलेले असतात. पहिलीच गाथा घ्या.

मनोपुब्बङ्गमा धम्मा, मनोसेट्ठा मनोमया।
मनसा चे पदुट्ठेन, भासति वा करोति वा।
ततो नं दुक्खमन्वेति, चक्कंव वहतो पदं॥

‘मनसा चे’ हे मुलं हमखास ‘मनाचे’ असं वाचतात. हा ‘चे’ मराठीतला षष्ठीचा प्रत्यय नाही, तो ‘जर’ आहे. ‘वहतो’ला ती ‘वाहतो’ समजतात आणि ‘चाक पाय वाहतो’ असं काहीतरी सांगतात. ‘वहतो’ म्हणजे ‘वाहणाऱ्याचे’, ओढून नेणाऱ्याचे. ‘चक्क’ दिसलं की एखादा हात वर येतोच: ‘मॅडम, धम्मचक्र!’ त्याला म्हणायचं, बस, आणि हे चाक कोणाच्या मागे येतंय ते वाच. ते दुःखाच्या उपमेतलं चाक आहे, बैलगाडीचं.

आता पहिला प्रश्न: ‘गाथेत बैल हा शब्द कुठे आहे? बोट ठेव.’ मुलं शोधतात, कारण मराठी अर्थात सगळीकडे बैल असतो. गाथेत तो नाहीच. ‘वहतो पदं’, ओढणाऱ्याचं पाऊल, एवढंच आहे. धुरेला जुंपलेला बैल अट्ठकथेत येतो, म्हणजे गाथेवरच्या जुन्या टीकेत. ‘गाथेत आहे’ आणि ‘आपण गाथेत भरलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना या एका प्रश्नाने कळतं. पुढे वर्षभर ‘हा बैल आहे का?’ एवढं विचारलं तरी त्यांना समजतं.

दुसरा प्रश्न ‘नं’ या एका अक्षरावर काढायचा. ‘दुःख मागे येतं, ते कोणाच्या?’ ‘नं’ म्हणजे ‘त्याला’, जो दूषित मनाने बोलतो किंवा करतो त्यालाच. हा प्रश्न का टाळू नये ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वर्गात मी पहिली गाथा शिकवत असताना नववीतल्या एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, माझ्या पणजोबांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते. ते दुःख त्यांच्या मनामुळे आलं का?’ वर्ग गप्प झाला. मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही, काहीतरी गुळमुळीत बोलले.

उत्तर गाथेतच होतं. ‘चे’ म्हणजे जर. जर कोणी दूषित मनाने वागला, तर दुःख त्याच्या मागे येतं. गाथा या एकाच दिशेने बोलते. ज्याच्या वाट्याला दुःख आलं त्याचं मन दूषित असणार, असं उलट वाक्य गाथेत कुठेच नाही. पाऊस पडला तर अंगण ओलं होतं. पण अंगण ओलं दिसलं म्हणजे पाऊसच पडला असं नाही, कोणी सडा घातला असेल. हे उदाहरण मुलांना लगेच पटतं. मग ‘गाथेच्या नियमाने इथे दूषित मन कोणाचं?’ असं विचारलं की विहीर अडवणारा त्यांना आपोआप दिसतो. गेल्या जन्मीच्या पापामुळे माणूस आज खालच्या जागी जन्मतो, हा अर्थ बाबासाहेबांनी ठामपणे नाकारला होता. तो नाकारायला निदान या गाथेचे शब्द तरी आड येत नाहीत.

म्हणूनच या गाथेची अट्ठकथेतली गोष्ट आधी सांगू नका. ती आंधळ्या चक्खुपाल थेरांची आहे, आणि त्यांच्या अंधत्वाचं कारण मागल्या जन्मातल्या वैद्याच्या कृत्यात दाखवलं आहे. गोष्ट चांगली रंगते. पण ती पहिल्यांदा कानावर पडली की मुलं गाथा उलटीकडून वाचू लागतात: दुःख दिसलं, शोधा पाप. गोष्ट सांगायचीच असेल तर शब्द वाचून झाल्यावर सांगा, आणि गोष्टीत कोणती गोष्ट गाथेहून जास्तीची आहे ते मुलांनाच काढू द्या.

दुसरी गाथा हिची जोडीदार आहे. फरक फक्त तीन ठिकाणी: ‘पदुट्ठेन’च्या जागी ‘पसन्नेन’, ‘दुक्खं’च्या जागी ‘सुखं’ आणि चाकाच्या जागी सावली, ‘छायाव अनपायिनी’. ‘पसन्न’ हा शब्द फसवा आहे. मराठीत प्रसन्न म्हणजे हसतमुख, आनंदी. मग ‘आनंदी मनाने वागलं की आनंद मिळतो’ असा बिनकामाचा अर्थ निघतो. पालित पसन्न म्हणजे निवळलेलं, गाळ खाली बसलेलं, श्रद्धेने स्थिर झालेलं. समोरचा ‘पदुट्ठ’ बघितला की हे स्पष्ट होतं. ‘पदुट्ठ’ आणि आपलं ‘प्रदूषण’ एकाच धातूचे आहेत. मी एकदा वर्गात गढूळ पाण्याची बाटली ठेवली होती. तास संपेपर्यंत पाणी वरून निवळलं. त्या दिवशी मला ‘पसन्न’चा अर्थ सांगावा लागला नाही.

चाक आणि सावली यांवर प्रश्न काढताना ‘दोन्हींत काय फरक?’ असं मोघम विचारू नका. ‘ओढणारा थांबला तर चाकाचं काय होईल आणि सावलीचं काय?’ असं विचारा. चाकाला वजन आहे आणि ते जुंपलेलं आहे. सावलीला वजन नाही, पण ‘अनपायिनी’, सोडून न जाणारी, हे विशेषण सावलीलाच दिलं आहे, चाकाला नाही. यापुढे जे अर्थ मुलं काढतील ते त्यांचे असतील. ते ऐकून घ्यावे, पण फळ्यावर ‘गाथेचा अर्थ’ म्हणून लिहू नयेत.

आता सवयीकडे येते, कारण तुमचा खरा विषय तोच आहे. त्यासाठी माझ्या मते पापवग्गातली ११७ आणि ११८ ही जोडी सर्वांत चांगली. संपूर्ण धम्मपदात ४२३ गाथा आहेत, पण एक कृती सवय कशी बनते हे इतक्या कमी शब्दांत दुसरीकडे क्वचित सापडेल.

पापञ्चे पुरिसो कयिरा, न नं कयिरा पुनप्पुनं।
न तम्हि छन्दं कयिराथ, दुक्खो पापस्स उच्चयो॥

पुञ्ञञ्चे पुरिसो कयिरा, कयिरा नं पुनप्पुनं।
तम्हि छन्दं कयिराथ, सुखो पुञ्ञस्स उच्चयो॥

(छापील प्रतींमध्ये ११८च्या दुसऱ्या चरणात थोडाफार फरक सापडतो. वर्गासाठी एकच प्रत ठरवा, नाहीतर अर्धा तास त्यातच जातो.)

मी ही जोडी कशी घेते ते क्रमाने सांगते. मुलांना गाथा हाताने वहीत उतरवायला लावते, प्रत्येक चरण वेगळ्या ओळीवर. त्यानंतर शब्दार्थ देते, पण दोन शब्द मुद्दाम तसेच ठेवते, ‘छन्द’ आणि ‘उच्चय’. मुलांच्या वहीत अर्थ असा येतो: ‘जर माणसाने पाप केलं, तर ते त्याने पुन्हा पुन्हा करू नये. त्यात छन्द करू नये. पापाचा उच्चय दुःखद आहे.’ या दोन शब्दांचा अर्थ आयता दिला की वाचायला काही उरत नाही.

पहिला प्रश्न: ‘गाथा सुरू होते तेव्हा पाप झालं आहे की व्हायचं आहे?’ इथे ‘पापञ्चे’ला पुन्हा ‘पापांचे’ समजणारे निघतात, म्हणून आधी ‘पापं + चे’ असं फोडून घ्या. ‘जर केलं’ इथून गाथा सुरू होते, म्हणजे चूक झाली असं धरूनच. ‘पाप करू नये’ हे वाक्य या गाथेत नाही. मुलांना हे ऐकून धक्का बसतो, आणि कोणीतरी विचारतंच: ‘म्हणजे एकदा केलं तर चालतं?’ हा प्रश्न आला की समजावं, वाचन सुरू झालं. घाईने ‘नाही रे’ म्हणून तो बुजवू नका. ‘चालतं असं कुठल्या शब्दात आहे?’ असं परत विचारा. तसंही नाही. गाथा परवानगी देत नाही. चूक होऊन गेलेल्या माणसाशी ती बोलते आहे, त्याने पुढे काय करावं एवढंच सांगते. पाप करूच नये, हे सांगणाऱ्या गाथा वेगळ्या आहेत. एका गाथेकडून सगळ्या धम्माची अपेक्षा करायची नाही, हे मुलांना इथेच सांगून टाका.

दुसरा प्रश्न अगदी बालिश वाटतो: ‘करणे हे क्रियापद किती वेळा आलं?’ तीनदा, कयिरा, कयिरा, कयिराथ. पण त्याचं कर्म दर वेळी तपासायला सांगा. पहिल्यांदा पाप केलं, दुसऱ्यांदा तेच पुन्हा पुन्हा केलं, तिसऱ्यांदा छन्द केला. इथे थांबा, घाई करू नका.

मराठीत छंद आपण करत नाही, तो लागतो. पत्त्यांचा छंद लागतो, सवय लागते, व्यसन लागतं, चटक लागते. ही सगळी वाक्यं अशी आहेत की माणूस जागेवर बसला आहे आणि गोष्ट येऊन त्याला चिकटली. मी मुलांना विचारते, ‘तुम्हाला मोबाइलची सवय लागली की तुम्ही लावून घेतली?’ ती हसतात आणि म्हणतात, ‘लागली.’ मग गाथेकडे बोट दाखवते: ‘छन्दं कयिराथ’. पालितला छन्द म्हणजे ओढ, इच्छा, आवड. गाथेत तो माणूस स्वतः करतो, ज्या क्रियापदाने पाप करतो त्याच क्रियापदाने. म्हणजे गाथेच्या हिशेबात आवड धरणं हीसुद्धा एक कृती आहे, नुसतं ओढवलेलं काही नाही. एकदा एक मुलगा पटकन म्हणाला, ‘पण मॅडम, आई मला लवकर उठायची सवय लावते, तेव्हा लावणारी आई असते.’ बरोबर आहे. मराठीत ‘लागणे’ आहे तसं ‘लावणे’ही आहे, आणि गाथा ‘लावणे’च्या बाजूने बोलते. एवढंच की लावणारा इथे दुसरा कोणी नाही, ‘पुरिसो’ स्वतःच आहे.

एक खबरदारी घ्या. ‘छन्दं कर’ ही पालित बोलण्याची पद्धत असू शकते, जशी आपल्याकडे ‘राग करणे’. म्हणून ‘बुद्धांनी मुद्दाम हेच क्रियापद निवडलं’ असं छातीठोक सांगू नये. गाथेत एकच क्रियापद तीनदा आहे आणि त्यामुळे तिन्ही गोष्टी एका माळेत येतात, एवढं मात्र नक्की म्हणता येतं.

तिसरा प्रश्न ११८मध्ये नेतो: ‘छन्द वाईट आहे का?’ ११७ वाचून मुलं ‘हो’ म्हणतात. ११८मध्ये तोच शब्द पुण्यासाठी आला आहे आणि तिथे छन्द करावा असं सांगितलं आहे. म्हणजे शब्द तटस्थ आहे, चांगलं-वाईट ‘तम्हि’ने, ‘त्यात’ने ठरतं. हे एकदा दिसलं की ‘सवय म्हणजे वाईट गोष्ट’ ही वर्गातली गैरसमजूत जाते. मुलं ‘सवय’ हा शब्द बहुतेक वेळा बोलणी खातानाच ऐकतात, त्यामुळे ही समजूत घट्ट असते.

चौथा प्रश्न सर्वांत कठीण, आणि मला सर्वांत आवडता: ‘शेवटच्या चरणात दुःखद काय आहे? पाप की उच्चय?’ नव्वद टक्के हात ‘पाप’साठी वर येतात. मग विभक्ती बघायला लावायची. ‘दुक्खो’ आणि ‘उच्चयो’ दोन्ही ओकारान्त, दोन्ही प्रथमेत. ‘पापस्स’ षष्ठीत आहे, ‘पापाचा’. म्हणून दुक्खो हे विशेषण उच्चयाचं आहे. उच्चय म्हणजे रास, साठा. आपल्या ‘संचय’मधला ‘चि’ धातू त्यात आहे. गाथेने दुःख सुट्या कृतीला न चिकटवता साठ्याला चिकटवलं आहे. आता माळ पुरी होते: केलं, पुन्हा पुन्हा केलं, आवड धरली, साठलं. हा क्रम मुलांनी स्वतः फळ्यावर मांडावा, तुम्ही खडू हातात घेऊ नका.

ज्या वर्गात विभक्ती शिकवलेल्या नाहीत तिथेही हा प्रश्न चालतो. ‘शेवटचे स्वर जुळणारे दोन शब्द शोधा’ एवढं सांगितलं तरी मुलं ‘दुक्खो… उच्चयो’ची जोडी लावतात. मात्र ही युक्ती सगळीकडे लागू पडत नाही, सगळ्या शब्दांची रूपं अशी जुळत नाहीत. तेव्हा नियम म्हणून ती देऊ नका.

या जोडीच्या गोष्टींबद्दल सावध करते. ११७ची अट्ठकथा सेय्यसक भिक्खूची आहे आणि तो प्रसंग लैंगिक आचरणाचा आहे, या वयाच्या वर्गात सांगण्याजोगा नाही. एका नवीन शिक्षकाने आधी न वाचता पुस्तकातून मोठ्याने वाचायला घेतली आणि मध्येच त्याला खोकला आला, एवढं पुरे. ११८ची गोष्ट मात्र जरूर सांगा. शेताची राखण करणारी एक मुलगी महाकस्सप थेरांना लाह्या देते. त्यानंतर लगेच ती सर्पदंशाने मरते आणि देवकन्या होते. पुण्य पक्कं व्हावं म्हणून ती रोज पहाटे येऊन थेरांची जागा झाडून, पाणी भरून जाते. थेर तिला थांबवतात तेव्हा ती रडते, आणि ही गाथा येते. तिचं नावच लाजा, म्हणजे लाही. इथे एक प्रश्न काढता येतो: ‘गोष्टीतला पुनप्पुनं कोणता?’ लाह्या तिने एकदाच दिल्या, पुन्हा पुन्हा आहे ते झाडणं. मुलं हे सहसा चुकतात, कारण लाह्यांचा प्रसंग त्यांच्या मनात जास्त ठसतो.

वेळेचं म्हणाल तर ही एक जोडी म्हणजे चाळीस मिनिटांचा पुरा तास. एका तासात पाच गाथा उरकायचा विचार असेल तर हे प्रश्न वापरू नका, त्यापेक्षा पाठांतर घ्या.

पुढच्या रविवारी १२१ घ्या, कारण ती उच्चयाचाच धागा पुढे नेते.

मावमञ्ञेथ पापस्स, न मन्तं आगमिस्सति।
उदबिन्दुनिपातेन, उदकुम्भोपि पूरति।
बालो पूरति पापस्स, थोकं थोकम्पि आचिनं॥

दुसऱ्या चरणात ‘न मन्तं’ऐवजी वेगळा पाठही काही प्रतींत आहे. त्यात अडकू नका. पापाला कमी लेखू नका, ते माझ्यापर्यंत येणार नाही असं समजू नका, एवढा अर्थ पुरतो.

ही गाथा म्हटली की वर्ग एका सुरात म्हणतो, ‘थेंबे थेंबे तळे साचे!’ म्हणू द्या, पण तिथेच प्रश्न टाका: ‘म्हणीत आणि गाथेत काय वेगळं आहे?’ म्हणीत तळं आपोआप साचतं, साचवणारा कोणी नाही. गाथेच्या मधल्या चरणातही तसंच आहे, ‘निपात’ म्हणजे पडणं, थेंब पडतात आणि घडा भरतो. पण शेवटच्या चरणात ‘आचिनं’ आहे, वेचत, गोळा करत. पुन्हा तोच ‘चि’ धातू, उच्चयातला. उपमेत पाणी वरून पडतं, माणूस मात्र हाताने गोळा करतो. उपमा आणि ज्याला उपमा दिली ते, यांत हा जो सांधा नीट बसत नाही, तिथे बोट ठेवायला लावणारा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो: ‘घड्याने काय केलं? बालाने काय केलं?’ घड्याने काही केलं नाही.

‘बाल’वरून गोंधळ होणारच. एकदा आठवीतली एक मुलगी रुसली होती, ‘मॅडम, पाप बालकंच का भरतात?’ इथे बाल म्हणजे मूल नाही, अजाण, मूर्ख माणूस, मग तो साठीचा का असेना. १२२मध्ये त्याच्या जागी ‘धीरो’ येतो. तो मराठीतला धीर धरणारा नव्हे, शहाणा. धम्मपदात बालवग्ग आणि पण्डितवग्ग शेजारी शेजारी आहेत, ते दाखवलं की शब्दाचा अर्थ पक्का होतो.

हिची गोष्ट आपल्या मुलांसाठीच लिहिल्यासारखी आहे. एक भिक्खू खाट, चौरंग वगैरे बाहेर वापरायचा आणि तिथेच टाकून द्यायचा. ऊन, पाऊस, वाळवी यांनी वस्तू खराब व्हायच्या. कोणी बोललं की म्हणायचा, हे किती क्षुल्लक आहे. ना खून, ना चोरी, नुसती खाट बाहेर राहिली. प्रश्न: ‘हा भिक्खू गाथेतल्या कोणत्या शब्दाचं उदाहरण आहे?’ बरेच जण ‘पापस्स’ म्हणतात. नेमकं उत्तर ‘अवमञ्ञेथ’, कमी लेखणं. आपल्या ‘अवमान’चा तोच धातू.

गुणांची पद्धत विचारली नाहीत, तरी सांगते, कारण त्याशिवाय हे टिकत नाही. तीन गुणांच्या प्रश्नात एक गुण गाथेतला नेमका शब्द उचलल्याबद्दल, एक तो शब्द तिथे काय सांगतो त्याबद्दल, एक त्यावरून प्रश्नाचं उत्तर जोडल्याबद्दल. ‘दुःखद काय आहे?’ या प्रश्नाला एका मुलाने लिहिलं: ‘पाप केल्याने दुःख होते म्हणून पाप करू नये.’ शून्य. वाक्य खोटं नाही, पण गाथा झाकूनही लिहिता आलं असतं. दुसऱ्याने मोडक्या भाषेत लिहिलं: ‘दुक्खो हे उच्चयोला लागतं, पापस्सला नाही. म्हणून साठवलेलं दुःख देतं.’ तीन. पहिल्या मुलाचे पालक भांडायला येतील, कारण त्याचं अक्षर सुंदर असतं आणि बोधही बरोबर असतो. उत्तरपत्रिकेवर गाथा ठेवून त्यांना हाताने झाकायला सांगा.

शेवटची गोष्ट, आणि ही मी चुकूनच शिकले. ‘तुमची एक वाईट सवय सांगा’ हा प्रश्न वर्गात मोठ्याने विचारू नका. मुलं एकतर खोटं सांगतात, नाहीतर घरातलं सांगतात. माझ्या वर्गात एका मुलाने वडिलांच्या दारूबद्दल सांगायला सुरुवात केली, बाकीचे ऐकत राहिले, आणि पुढचे दोन रविवार तो आला नाही. सवय गाथेतल्या ‘पुरिसो’चीच राहू द्या. तो नाव नसलेला माणूस आहे, त्याच्याबद्दल कितीही बोललं तरी कोणी दुखावत नाही. ज्याला स्वतःशी ताडून बघायचं असेल तो घरी जाऊन, कोणी न सांगता बघेल.

११७-११८ची जोडी घेऊन झाली की मुलांनी ‘छन्द’वर काय लिहिलं ते दोनचार वह्यांतून उतरवून कळवा. त्यावरून चित्तवग्गातली ३३वी गाथा घ्यायची का ते ठरवू. तिथे ‘दूरक्खं’ आहे, राखायला कठीण, ज्याचा ‘दूर’शी काहीही संबंध नाही. आणि चारच गाथा पुढे ‘दूरङ्गमं’ आहे, ज्याचा आहे.